रेझ्युमे: काम चालू आहे की संपले?

समजा, सावद्याचा एक तरुण 2022 पासून केळीच्या पॅकिंग हाउसवर सुपरवायझर आहे. त्याआधी तो भुसावळला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या करायचा. रेझ्युमे इंग्रजीत, कुणाच्या तरी नमुन्यावरून केलेला, आणि दोन्ही नोकऱ्यांखाली क्रियापदे वर्तमानकाळी. वाचणाऱ्याला वाटते, हा अजून बिल्ट्याच करतो की काय!

जुन्या नोकरीचे सोपे आहे. तिथे सगळे भूतकाळात: 'प्रिपेअर्ड', 'चेक्ड'.

घोळ होतो तो चालू नोकरीत. रोजचे काम वर्तमानकाळात लिहावे, 'सुपरवाइज'. 'मी' हा कर्ता गृहीत असतो, म्हणून पुढे 'एस' लागत नाही. पण त्याच पॅकिंग हाउसमध्ये नवी कोल्ड रूम बसवून झाली असेल, तर ती ओळ 'इन्स्टॉल्ड' अशीच हवी. नोकरी चालू असली तरी ते काम संपलेले आहे. अशा ओळी रोजच्या कामांच्या खाली एकत्र ठेवाव्यात, म्हणजे काळ मध्येच उडी मारत नाही.

आता वाढत जाणारा आकडा. त्याने 40 कामगारांना पॅकिंग शिकवले आणि अजून शिकवतो आहे. 'ट्रेन 40 वर्कर्स' म्हटले तर तो रोज चाळिसांना शिकवतो असे वाटेल. नुसते 'ट्रेन्ड' म्हटले तर शिकवणे थांबले असे. इथे 'हॅव ट्रेन्ड 40 वर्कर्स सो फार' बरोबर.

नोकरी सोडल्यावर बहुतेक जण 'प्रेझेंट' खोडून तारीख टाकतात. खालची क्रियापदे बदलायची मात्र राहून जातात, 'हॅव' आणि 'सो फार'सुद्धा तसेच राहतात.