लाल दिवा आणि खाडा

"ड्रायव्हर लोकांना गाडीची पडलेलीच नसते हो!" पाथर्डीत ज्यांच्याकडे दोनपेक्षा जास्त गाड्या आहेत, अशा जवळजवळ सगळ्यांच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलंय. गाडी रस्त्यात बंद पडली की हे वाक्य ठरलेलं. मामेभावाच्या सात गाड्यांचा (तीन प्रवासी, चार पिकअप) हिशेब मी बघतो, त्यामुळे अशा गप्पा रोजच कानावर पडतात. आणि माझं मत बरोबर उलट आहे. मीटरमधला दिवा ड्रायव्हरला सगळ्यात आधी दिसतो. तो सांगायचा की नाही, हे मागच्या वेळी सांगणाऱ्याचं काय झालं यावर ठरतं.

एक उदाहरण घेऊ. ओळखीतल्या एका मालकाची पिकअप कांदा घेऊन नगरला निघाली होती. तिसगाव सोडलं आणि मीटरमध्ये बॅटरीचा लाल दिवा लागला. ड्रायव्हरने फोन केला, "शेठ, बॅटरीची लाईट लागलीय." उत्तर आलं, "गाडी चालतीय ना? मग जा तसाच, संध्याकाळी बघू." तो गेला. करंजी घाटाच्या चढावर गाडीने वाफ सोडली. हेड गॅस्केट गेलं, हेड फेसिंगला टाकावं लागलं, गाडी आठवडाभर उभी. कांदा दुसऱ्या गाडीत भरून न्यावा लागला, त्याचं भाडं वेगळंच.

आता बॅटरीच्या दिव्याचा आणि वाफेचा संबंध काय? बऱ्याच डिझेल गाड्यांमध्ये अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला की अल्टरनेटर थांबतो, म्हणून बॅटरीचा दिवा लागतो. पण त्याच क्षणी पाण्याचा पंपही थांबलेला असतो. इंजिनातलं पाणी फिरत नाही, फक्त तापत राहतं. सपाटीला काही मिनिटं निभावतं. भरल्या गाडीने घाट चढताना नाही. म्हणजे तो दिवा बॅटरीबद्दल बोलतच नव्हता! तिसगावलाच इंजिन बंद करून बॉनेट उघडलं असतं, तर लोंबणारा पट्टा दिसला असता आणि काम काहीशे रुपयांत भागलं असतं.

यात आणखी एक फसवणूक असते. पाणी उकळून बाहेर गेलं की तापमानाचा सेन्सर उघडा पडतो, आणि मग काटा वर जाण्याऐवजी खालीही येऊ शकतो. ड्रायव्हरला वाटतं, झाली गार. प्रत्यक्षात तो कोरडं इंजिन ओढत असतो.

(काही गाड्यांत पाण्याचा पंप वेगळ्या पट्ट्यावर असतो, तिथे हाच दिवा फक्त चार्जिंगचा. म्हणून आपल्या गाडीत काय आहे, ते मिस्त्रीला विचारून आधीच लिहून ठेवायचं. रस्त्यात उभं राहून अंदाज बांधायचा नाही.)

त्या ड्रायव्हरचा दोष किती? त्याने तर सांगितलं होतं. त्याच मालकाकडे महिनाभर आधी दुसऱ्या एकाने ऑइलचा दिवा लागला म्हणून गाडी उभी केली होती. खेप बुडाली आणि त्याचा त्या दिवसाचा खाडा धरला गेला. वास्तविक त्याने केलं तेच योग्य होतं. ऑइलचा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब सांगतो. चालू इंजिनात तो लागला की 'हळूहळू गॅरेजपर्यंत' हा पर्यायच नसतो. जागेवर इंजिन बंद, मग डिपस्टिक. पण त्याला मिळाला खाडा, आणि बाकीच्या ड्रायव्हरांना मिळाला धडा.

म्हणून आम्ही आमच्यापुरते नियम केले आहेत, ते सांगतो.

सकाळी चावी फिरवायची, पण इंजिन चालू करायचं नाही. ऑइल, बॅटरी, चेक इंजिन हे दिवे लागलेच पाहिजेत. मग स्टार्टर मारायचा, आणि काही सेकंदांत ते विझलेच पाहिजेत. दोन्ही वेळचा मीटरचा फोटो, किलोमीटर दिसेल असा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. एका फोटोवर भागत नाही. नुसता दुसरा फोटो पाहिला तर ज्या गाडीचा दिवाच मेलाय ती सगळ्यात निरोगी दिसते! जुन्या गाड्या घेताना हे हमखास बघावं. दिवा विझत नसेल तर दुरुस्ती करण्यापेक्षा तो काढून टाकणारे महाभाग आहेत.

चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद, आणि मग फोन. फोनवर 'ये तसाच' म्हणायचा हक्क मालकालाही नाही. पिवळा दिवा असेल तर खेप पुरी करायची, पण त्याच दिवशी कळवायचं. पिवळा लुकलुकत असेल किंवा गाडीची ताकद कमी झाली असेल, तर तोही लालच समजायचा.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. दिव्यासाठी गाडी थांबवली तर त्या दिवसाची मजुरी पूर्ण. नंतर नुसता सेन्सर खराब निघाला तरीही.

आणि चौथा, उत्तराचा. तक्रार लिहून घेण्याची पद्धत एसटीच्या आगारातही आहे, तरी बंद पडलेली एसटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. लिहिणं हे अर्धंच काम. अमेरिकेत मोठ्या व्यावसायिक गाड्यांसाठी असा नियम आहे की, आदल्या अहवालात बिघाड नोंदलेला असेल तर मालकाच्या बाजूने 'दुरुस्त केला' किंवा 'दुरुस्तीची गरज नाही' असं कोणीतरी सही करून सांगायचं, आणि पुढच्या ड्रायव्हरने ते वाचून, सही करून मगच गाडी हलवायची. आम्ही वहीत तेवढंच उचललंय. ड्रायव्हरची सही, मिस्त्रीची सही, उद्याच्या ड्रायव्हरची सही.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, "अहो, ते सेन्सरचेच प्रॉब्लेम असतात. आमची चेक इंजिनची लाईट सहा महिने जळतेय, काय झालं?" काय झालं ते सांगतो. तो एकच दिवा शेकडो वेगवेगळ्या बिघाडांसाठी आहे. पहिल्या किरकोळ बिघाडासाठी तो सहा महिने जळत ठेवला, की दुसरा मोठा बिघाड आला तरी मीटरमध्ये काहीच बदलत नाही. तुम्ही दिव्याकडे दुर्लक्ष करत नाही आहात, तुम्ही दिवाच विकून टाकलाय.

"फिटनेस पास आहे" हे दुसरं उत्तर. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक गाडीला ते दोन वर्षांतून एकदा लागतं, त्यानंतर दरवर्षी. पट्टा तारीख बघून तुटत नाही.

एक कबूल करतो, हे सगळं करूनही गाड्या बंद पडतात. पंक्चरला दिवा नसतो (बहुतेक पिकअपमध्ये तरी), रेडिएटरचा जुना पाइप न सांगता फुटतो. दिव्यांच्या तपासणीने फक्त तेवढेच बिघाड टळतात ज्यांची गाडीने आधी वर्दी दिलेली असते.

नवरात्रात मोहट्याला, यात्रेला मढीला गाड्या खच्चून भरून पळतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत 'आज नको, उद्या बघू' सगळ्यात जास्त ऐकू येतं. आपल्या वाचकांत आणि नात्यात गाड्यावाले बरेच आहेत, म्हणून विचारतो. तुमच्याकडे दिवा लागला म्हणून शेवटची गाडी ज्याने थांबवली, त्याला त्या दिवशीचे पैसे मिळाले होते का? नसतील, तर ड्रायव्हरला गाडीची पडलेली नाही असं कृपया म्हणू नका.