माफीआड राहिलेला वाद

घरात भांडण झाले की दहा मिनिटांत ‘माझंच चुकलं’ म्हणणारी व्यक्ती बहुधा ठरलेली असते. त्याने शांतता येते, पण फुकट नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासात सुमारे ३,७०० स्त्री-पुरुषांचा १० वर्षे पाठपुरावा झाला. नवऱ्याशी वाद होताना मनातले गिळणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचा धोका, बोलून टाकणाऱ्या स्त्रियांच्या चौपट आढळला, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुषांत तसे दिसले नाही. अर्थात हा नुसता संबंध; गप्प राहिल्यानेच मृत्यू ओढवला, असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय माफी मागणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. पण भांडण मिटावे एवढ्यासाठीच मागितलेली माफी त्याच्या फार जवळची.

समजा, नवऱ्याने न विचारता भावाला ५० हजार दिले. ती चिडली, ओरडली आणि रात्री ओरडल्याबद्दल तिनेच माफी मागितली. पैशांचा विषय तिथेच राहिला. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. आवाज चढल्याची माफी रास्तच, पण तिला जोडून ‘पैशांचं मात्र उद्या बोलायचंय’ एवढे म्हणायला हवे होते. तेवढ्यावरून चार दिवस अबोला धरला जात असेल, तर समुपदेशकाकडे दोघांनी जावे, एकट्या तिने नव्हे.