'तो उतरून' की 'त्याने उतरून'?

परवा रात्री मेस झाल्यावर आमच्या मजल्यावर चक्क मराठी व्याकरणावरून वाद पेटला. माझा रूममेट मेकॅनिकलचा, पण हल्ली टेबलावर वाळंब्यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' उघडे असते. एमपीएससी! त्याला अडवले होते वाक्य संश्लेषणाने. दोन साधी वाक्ये द्यायची, त्यांचे एक करायचे, बस्स. दिसायला पाचवीचा प्रश्न.

वाक्ये मीच दिली: 'तो सात रस्त्याला उतरला. त्याने रिक्षा केली.' आता 'आणि' घातले की काम झाले: 'तो सात रस्त्याला उतरला आणि त्याने रिक्षा केली.' हे संयुक्त वाक्य. 'जेव्हा तो उतरला, तेव्हा त्याने रिक्षा केली' हे मिश्र. पण प्रश्नात बहुधा 'केवल वाक्य करा' असे असते. म्हणजे क्रियापद एकच उरले पाहिजे. दुसऱ्याचे धातुसाधित करायचे: 'उतरला'चे 'उतरून'. गड्याने लगेच लिहिले, 'तो सात रस्त्याला उतरून रिक्षा केला.'

हसू नका! सोलापुरात आपण सगळेच 'मी रिक्षा केलो' म्हणतो, आणि बोलताना त्यात काही बिघडत नाही. पण प्रमाण मराठीत 'करणे' सकर्मक आहे, म्हणून भूतकाळात कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते. रिक्षा स्त्रीलिंगी, म्हणून 'केली'. 'उतरून'ला स्वतःचा कर्ता ठरवण्याचा अधिकारच नाही. कर्त्याचे रूप ठरवते ते शेवटचे, उरलेले क्रियापद. म्हणून 'सात रस्त्याला उतरून त्याने रिक्षा केली.' उलट 'त्याने रिक्षा केली. तो घरी गेला.' यांचे होते 'तो रिक्षा करून घरी गेला.' इथे 'ने' पळाला, कारण शेवटी 'गेला' आहे. जोडण्याआधी फक्त शेवटचे क्रियापद घेऊन कर्ता म्हणून बघायचा, चूक लगेच कानाला टोचते. ('मी' घेतला तर ही अडचण लपते, कारण 'मी'ला 'ने' दिसत नाही. सराव 'तो', 'ती' घेऊन करा.)

खरी भांडणे पुढे झाली. क्लासमध्ये त्याला नियम सांगितलाय: दोन्ही वाक्यांचा कर्ता एक असेल तरच 'ऊन', नाहीतर 'ल्यावर' नाहीतर 'ताच'. 'रिक्षा थांबली. आम्ही उतरलो.' इथे नियम बरोबर चालतो. 'रिक्षा थांबून आम्ही उतरलो' असे कोणी म्हणणार नाही, 'रिक्षा थांबल्यावर आम्ही उतरलो' असेच म्हणेल. मग मी वर्तमानपत्रातल्यासारखे एक वाक्य टाकले: 'भिंत कोसळून दोन मजूर जखमी झाले.' कोसळली भिंत, जखमी झाले मजूर. कर्ते दोन, तरी 'ऊन' फिट्ट! असे मथळे आपण रोज वाचतो, कुणाला खटकत नाहीत.

माझे मत असे की क्लासचा नियम अर्धाच आहे. पावसाची दोन वाक्ये शेजारी ठेवून बघा. 'पाऊस पडून रस्त्यावर पाणी साचले' हे चालते. 'पाऊस पडून आम्ही छत्र्या उघडल्या' हे चालत नाही. कर्ते दोन्हीकडे वेगळेच आहेत. फरक एवढाच की पाणी आपोआप साचते, पहिल्या घटनेचा परिणाम म्हणून. छत्री मात्र कोणीतरी ठरवून उघडतो. म्हणजे कर्ते वेगळे असतील तर दुसऱ्या क्रियापदाला विचारायचे, 'हे मुद्दाम केले का?' उत्तर 'हो' आले की 'ऊन' सोडा आणि 'पडल्यावर' किंवा 'पडल्यामुळे' घ्या. तिथेही जपून, कारण 'वर' वेळ सांगतो आणि 'मुळे' कारण. मूळच्या दोन वाक्यांत यातले काहीच उघड म्हटलेले नसते, ते जोडणारा आपल्या पदरचे घालतो.

म्हणूनच पर्यायी प्रश्नांत 'पडल्यावर' आणि 'पडल्यामुळे' ही दोन्ही वाक्ये देऊन एकच बरोबर धरणे मला अन्यायाचे वाटते. वेळ जोडायची की कारण, हे प्रश्नातच छापावे. आणि नुसते 'एक वाक्य करा' असे विचारले असेल, तर 'आणि' घालणाऱ्याचा मार्क कशाला कापायचा? त्याचेही एकच वाक्य झाले की!

नकाराची गंमत राहिलीच. 'तो जेवला नाही. तो झोपला.' याचे 'न जेवून' करू नका, 'न जेवता झोपला' करा. आणि 'पण' असेल तिथे नुसता 'ऊन' पुरत नाही, मागे 'ही' लागतो: 'ताप असूनही तो पेपरला बसला.'

साडेबारा वाजता रूममेट म्हणाला, "पटलं बे. पण मग 'मला सोलापुरात येऊन तीन वर्षे झाली' ह्याचं काय? आलो मी, झाली वर्षं!"

वर्षे काय कोणी मुद्दाम करतो होय? झोप म्हटलं त्याला.