कानातली काळी बुरशी

साठवलेल्या कांद्याच्या सालीखाली काजळीसारखी काळी भुकटी दिसते, ती ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी. हीच बुरशी माणसाच्या कानातही वाढते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आष्ट्याच्या एका ऊस बागायतदारांचा कान पावसाळ्यात सारखा खाजू लागला. त्यांनी आधी काडी घातली, मग खोबरेल सोडले. काडीने कातडी खरवडली, तेलाने ओल टिकली आणि बुरशीला आयते रान मिळाले. घरातले जुने अँटिबायोटिकचे थेंबही घालून झाले. पण ते जिवाणूंवरचे, बुरशीवरचे नव्हेत. पंधरा दिवसांत कान दडला. ओल्या कागदाच्या लगद्यासारखी घाण येऊ लागली, तिच्यावर काळे ठिपके.

मग दुकानातून क्लोट्रिमॅझोलचे थेंब आणले, तरी गुण येईना. औषध बरोबर होते, पण ते लगद्यावरच राहिले. खालच्या कातडीपर्यंत पोहोचलेच नाही. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहत घाण नळीने ओढून काढली, पडदा शाबूत आहे ना ते तपासले आणि तेच एक टक्क्याचे थेंब दोन आठवडे घालायला सांगितले. चार दिवसांत खाज थांबली, तरी त्यांनी थेंब सोडले नाहीत, हे बरे केले. अर्धवट सोडले की बुरशी पुन्हा उठते. आठवड्याने कान पुन्हा साफ करावा लागला.

घरी पिचकारीने पाणी मारून कान धुऊ नये. पडद्याला भोक असेल तर पाणी थेट आत जाते, नसले तरी ओल राहतेच. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवावा. मधुमेह असून कान ठणकू लागला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.