चार विसा दहा

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, की आम्ही इथे शब्दांच्या उचापती करीत असतो. दिवाळी अंकासाठी आज जरा दूरचा शब्द निवडला आहे. तो आहे फ्रेंच भाषेतला आणि त्याचा अर्थ आहे नव्वद. फ्रान्समधला माणूस नव्वदला म्हणतो ‘कात्र-व्हँ-दिस’. कात्र म्हणजे चार, व्हँ म्हणजे वीस आणि दिस म्हणजे दहा. चार वीस दहा! सत्तरला तो ‘स्वासाँत-दिस’, म्हणजे साठ-दहा म्हणतो. ऐंशी म्हणजे नुसते चार वीस. एकोणसाठपर्यंत ही माणसे तुमच्या-आमच्यासारखी दहादहाच्या पायऱ्या चढतात, आणि साठ गाठल्यावर त्यांना एकाएकी वीसवीसची ढांग टाकावीशी वाटते.

हे ऐकून हसणाऱ्या मराठी माणसाने आपल्याच खेड्यापाड्यांतल्या बाजाराची आठवण ठेवावी. शाळेची पायरी न चढलेली आपल्याकडची जुनी माणसे सत्तर असे म्हणत नसत, ‘तीन विसा न दहा’ म्हणत. नव्वद म्हणजे ‘चार विसा न दहा’. कात्र-व्हँ-दिसचे याहून चोख मराठी भाषांतर मला तरी सुचत नाही. आपल्याकडे शाळेने विसा मागे सारला. फ्रान्समध्ये तो शाळेतच जाऊन बसला, इतकाच फरक.

विद्यार्थिदशेत संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी दोन वर्षे फ्रेंच शिकलो होतो. ते शिक्षण पुढे कुणाच्या उपयोगी पडेल असे वाटले नव्हते, पण माझी पुतणी लग्न होऊन पॅरिसला गेली आणि ते उपयोगी पडले. गेल्या दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. तिकडच्या दहाबारा मराठी कुटुंबांचा फराळ तिच्या घरी व्हायचा होता. सामान आणायचे होते गार द्यु नोर या स्टेशनाजवळच्या एका दुकानातून. त्या भागात तमिळ मंडळींची बरीच दुकाने आहेत. हा दुकानदार मूळचा पुदुच्चेरीचा. त्याला मराठी-हिंदी येत नाही, हिला तमिळ येत नाही. तेव्हा दोघांचा व्यवहार फ्रेंचमध्ये. त्याने फोनवर भाव सांगितले, हिने ते मराठी आकड्यांत उतरवून घेतले. कारण हिशेबाची वही सासूबाईंकडे, आणि त्या आयुष्यभर देवनागरी आकड्यांतच हिशेब लिहीत आलेल्या.

यादी अशी होती : तुपाचा डबा ६९ युरो, काजूची पेटी ८७, बेसनाचे पोते २४, वेलदोडे ८०, आणि रव्याची पिशवी ४.९०. सासूबाईंनी बेरीज केली, २६४.९०. सामान घरी आले तेव्हा दुकानदाराने मागितले २८४.९०.

“काका, आई म्हणतात, माणूस लबाड आहे,” पुतणी सांगत होती. “वीस युरो सरळसरळ वाढवले. पुन्हा त्याच्याकडे जायचं नाही म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण माझ्याच हातची यादी समोर आहे, बोलू काय?”

मी म्हटले, “त्याने सांगितलेले शब्द आठवतात का? आकडे नकोत, शब्द सांग.”

आठवणार कसे? शब्द कानात शिरतात आणि आकडा होऊन बाहेर पडतात. मागे शब्द उरत नाहीत. पण चूक नेमकी वीसची होती, आणि तेवढ्यावरून पुष्कळ कळते.

फ्रेंचमध्ये साठानंतरची घडण कशी आहे ती आधी पाहू. साठ हा एक खांब आणि ऐंशी, म्हणजे चार विसा, हा दुसरा. प्रत्येक खांबाला पुढचे एकोणीस आकडे टांगायचे. एकाहत्तर म्हणजे साठ-अकरा, पंच्याहत्तर साठ-पंधरा, ब्याण्णव चार-विसा-बारा. अकरापासून सोळापर्यंत त्यांच्याकडे आपल्यासारखे स्वतंत्र शब्द आहेत. सतरा, अठरा, एकोणीस मात्र ‘दहा-सात’, ‘दहा-आठ’, ‘दहा-नऊ’ असे जोडून येतात. म्हणून एकोणऐंशी होते साठ-दहा-नऊ, आणि सत्त्याण्णव होते चार-वीस-दहा-सात. या सगळ्या लवाजम्यात तो मधला ‘दहा’ फार दुबळा आहे. तो एकटा असला तर दिस. ‘दहा-नऊ’मध्ये त्याचा उच्चार होतो दिझ्. ‘दहा-सात’मध्ये त्याचा स पुढच्या ‘सेत’च्या स मध्ये मिसळून जातो. भरभर बोलणाऱ्या माणसाचे ‘कात्र-व्हँ-दि-सेत’ नवख्या कानाला सहज ‘कात्र-व्हँ-सेत’ ऐकू येते. सत्त्याण्णवचे सत्त्याऐंशी झाले, दहा युरो उडाले! स्वासाँत-दिझ्-नफचे स्वासाँत-नफ झाले, म्हणजे एकोणऐंशीचे एकोणसत्तर. पुन्हा दहाच.

असा दहा गळून जो आकडा कागदावर उरतो तो आठांपैकीच एक असतो : ६०, ६७, ६८, ६९, आणि ८०, ८७, ८८, ८९. पुतणीच्या यादीत यांतले तीन होते, तूप, काजू आणि वेलदोडे. बेसनाच्या २४ वर संशय घ्यायला जागा नाही. रव्याच्या ४.९० मध्ये काही गळले असते तर घोटाळा सेंटांचा झाला असता, युरोंचा नव्हे. चूक वीसची, तेव्हा तिघांपैकी दोघांचा दहा गळाला असणार. मी सांगितले, “भांडू नकोस. या तीनच जिनसांचे भाव पुन्हा विचार, आणि कागदावर लिहून माग.” तूप ७९ निघाले, काजू ९७, वेलदोडे ८० च होते. आता करा बेरीज : ७९ आणि ९७ मिळून १७६, बेसनाचे २४ धरून २००, वेलदोड्यांचे ८० धरून २८०, आणि रव्याचे ४.९०. बिचारा दुकानदार साव होता.

यावर सासूबाईंनी फोन घेऊन विचारले, “पण भावोजी, मग तो वेलदोड्यांचा ऐंशी तरी कशावरून बरोबर? चार वीस म्हणजे चार युरो वीस सेंट नसतील कशावरून?”

प्रश्न हिशेबी बाईला शोभेल असाच होता. किलोभर वेलदोडे चार युरोंत येणार नाहीत हे झालेच; पण कानालाही खूण आहे. चार युरो वीस सेंट म्हणताना युरो हा शब्द मध्ये येतो, ‘कात्र युरो व्हँ’. ऐंशी युरो म्हणताना तो शेवटी येतो, आणि व्हँ व युरो यांच्यामध्ये एक झ ऐकू येतो : ‘कात्र-व्हँ-झ्युरो’. नुसते वीस युरो असतील तर त्याच जागी त ऐकू येतो, ‘व्हँ-त्युरो’. वीस हा शब्द लिहिताना त्याच्या शेवटी एक त असतो, पण तो एरवी मुका असतो. ऐंशी पूर्ण असले म्हणजे त्या शब्दाला अनेकवचनाचा स लागतो आणि स्वरापुढे तो झ होऊन बोलतो. हाच त चोवीस आणि चौऱ्याऐंशी यांनाही वेगळे करतो. चोवीसमध्ये तो स्पष्ट उच्चारतात, ‘व्हँत-कात्र’. चौऱ्याऐंशीमध्ये गिळून टाकतात, ‘कात्र-व्हँ-कात्र’. एका मुक्या अक्षरावर साठ युरोंचा फरक पडतो म्हणा ना!

यादी उतरवून घेणाऱ्याने एकच पथ्य पाळावे. स्वासाँत किंवा कात्र-व्हँ कानी पडले की लेखणी उचलून धरायची. पुढचा शब्द पुरता संपेपर्यंत कागदाला टेकवायची नाही. आपली सवय अशी की साठ ऐकले रे ऐकले की हात ६ काढून मोकळा होतो. मग ‘पंधरा’ येतात आणि त्या ६ चा ७ करता करता कागदावर भलतेच काही उमटते, किंवा पंधराचा ‘काँझ’ हा पाचाचा ‘सँक’ समजून ६५ लिहून माणूस निश्चिंत होतो. बारा-दोन, तेरा-तीन, सोळा-सहा या जोड्याही अशाच फसवतात. तिथेही चूक दहाचीच होते.

पण दोष सगळा फ्रेंचांच्या माथी मारणे बरे नव्हे. ऐकलेला आकडा मनात मराठीत म्हणून मग लिहिणारे पुष्कळ असतात, आणि आपली मराठी एकंकाला आधी बोलावते. सत्त्याण्णवमध्ये सात आधी, नव्वद मागून. लिहिताना नऊ आधी! घाईत ९७ चे ७९ होते. एकोणऐंशीत तर सातही नाही आणि नऊही नाही, ऐंशीला एक कमी एवढेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी सुटसुटीत वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! माझे स्वतःचे मत विचाराल तर ‘सत्त्याण्णव’ मला सोडवणार नाही. पण जोडून आलेला आकडा लिहिताना मुले का अडखळतात हे कळायला पॅरिसचा एक फोन पुरे आहे. या मराठी चुकीलाही आपली खूण आहे. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की बेरजेतला फरक नेहमी नवाने भागला जातो. ९७ च्या जागी ७९ लिहिले तर फरक १८. तेव्हा बेरीज दहाने किंवा वीसने चुकली तर कान तपासावा. नऊ, अठरा, सत्तावीस अशी चुकली तर हात तपासावा.

फ्रेंचांनी हा विसा आणला कुठून, यावर तिथल्या पंडितांत मतभेद आहेत. पूर्वी तो आणखी ऐसपैस होता, एवढे मात्र नक्की. पॅरिसमध्ये ‘काँझ-व्हँ’, म्हणजे ‘पंधरा विसा’, या नावाचे डोळ्यांचे इस्पितळ आजही आहे. नवव्या लुई राजाने १२६० च्या सुमारास तीनशे अंधांसाठी ते स्थापन केले, म्हणून हे नाव. मोलिएरच्या १६६८ सालच्या ‘लाव्हार’ नाटकात त्या कंजूष म्हाताऱ्याची खुशामत करणारी बाई त्याला सांगते की तू सहा विसांच्याही पुढे जगशील. आचार्य अत्र्यांनी ज्याचे ‘कवडीचुंबक’ केले तेच हे नाटक.

शेजारच्या बेल्जममध्ये याच भाषेत सत्तरला ‘सेप्ताँत’ आणि नव्वदला ‘नोनाँत’ असे साधे सरळ शब्द आहेत. ऐंशीला मात्र तेही कात्र-व्हँच म्हणतात. स्वित्झर्लंडच्या काही परगण्यांत त्यालाही ‘विताँत’ म्हणतात, पण जिनीव्हात जाल तर पुन्हा कात्र-व्हँ. पुतणीने हे ऐकून विचारले, “मग मी दुकानात नोनाँत म्हटलं तर?” समजेल, मी म्हटले, पण तुला बेल्जमची समजतील. सासूबाईंनी वहीत भावाच्या रकान्याशेजारी आता आणखी एक रकाना आखला आहे. त्यात त्या ऐकलेला शब्द आधी मराठीत लिहितात, ‘४ विसा १० न ७’, आणि मग शेजारी आकडा घालतात, ९७.