दुखत नाही, म्हणूनच दाखवायला हवी

आंघोळ करताना साबणाच्या हाताला एका वृषणावर वाटाण्याएवढी टणक गाठ लागते. दाबली तरी दुखत नाही. मग मनात एकच तर्क येतो: दुखत नाही, तर गंभीर नसणार, दुखू लागली की बघू. हा तर्क मुळातच उलटा आहे. वृषणातले दुखणे बहुधा जंतुसंसर्गाने आलेल्या सुजेचे असते, नाहीतर पीळ पडून रक्तपुरवठा तुटल्याचे. अशी अचानक असह्य कळ आली तर तासाभराचीही वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. वृषणाचा कर्करोग मात्र बहुतेक वेळा कसलाही त्रास न देता वाढतो आणि न दुखणारी गाठ किंवा सूज हेच त्याचे सर्वांत नेहमीचे पहिले लक्षण असते. काहींना थोडे दुखते किंवा जडपणा जाणवतो, हेही खरे. त्यामुळे दुखण्या-न दुखण्यावरून आपणच निवाडा करणे दोन्ही बाजूंनी फसवे ठरते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. हा कर्करोग भारतात विरळा आहे, अंडकोशातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, शिवाय अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञगटाने २०११ मध्ये निरोगी पुरुषांच्या सरसकट तपासणीविरुद्धच शिफारस केली आहे. मग उगाच घबराट कशाला? पण ती शिफारस ज्यांना काहीच लक्षण नाही त्यांच्यासाठी आहे. ज्याच्या हाताला गाठ लागली, तो त्या गटातून बाहेर पडला. शिवाय हा रोग प्रामुख्याने पंधरा ते चाळीस या वयात होतो, म्हणजे ‘या वयात कुठला कर्करोग’ हे आश्वासन नेमके इथेच लागू पडत नाही. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात हे मान्य; पण आपली गाठ त्यांतलीच आहे, हे तपासल्यावरच कळते.

ही तपासणी वाटते तेवढी अवघड नाही. समजा, अठ्ठावीस वर्षांच्या एकाला उजवीकडे अशी गाठ लागली. डॉक्टर त्याला उभे करून आणि झोपवून, आधी निरोगी बाजू व मग गाठीची बाजू दोन्ही हातांच्या बोटांनी हळुवार चाचपतात. त्यांचा मुख्य प्रश्न एकच असतो: गाठ वृषणातच आहे की त्याच्या बाहेर? वृषणाच्या मागे शुक्राणूंची गुंडाळलेली नलिका असते, तिथली वेगळी हलणारी मऊ गाठ बहुधा पाण्याची असते. फुगलेल्या शिरा उभे असताना जाणवतात आणि झोपल्यावर ओसरतात. हायड्रोसीलमधून टॉर्चचा प्रकाश आरपार जातो. मात्र अशा पाण्याआडचे वृषण हाताला नीट लागत नाही आणि त्यामागे गाठ दडलेली असू शकते; म्हणून हाताच्या तपासणीवर थांबून चालत नाही.

पुढची पायरी सोनोग्राफीची. रुग्ण पाठीवर झोपतो, अंडकोशाखाली टॉवेलची घडी ठेवतात, लिंग पोटाकडे वळवून झाकतात, जेल लावून दोन्ही वृषणांवर प्रोब फिरवतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. साधारण पंधरा-वीस मिनिटांत काम होते. साधी पाण्याची गाठ पडद्यावर स्वच्छ काळी दिसते. आपल्या उदाहरणात वृषणाच्या आतच बारा मिलिमीटरचा घन भाग दिसला आणि डॉप्लरमध्ये त्यात रक्तप्रवाह आढळला, तर तो कर्करोग असल्याचा संशय बळावतो. शिक्कामोर्तब मात्र सोनोग्राफी करत नाही. त्यानंतर एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्तचाचण्या होतात. पण त्या सामान्य आल्या म्हणून कर्करोग नाही, असे ठरत नाही.

‘मग सुईने तुकडा काढून आधी खात्री करा’, असे कुणी म्हणेल. इतर अवयवांसाठी रास्त असलेली ही सूचना इथे सहसा टाळतात. वृषणातला लसीकाप्रवाह पोटाच्या मागच्या भागातल्या लसीकाग्रंथींकडे जातो, तर अंडकोशाच्या त्वचेचा जांघेकडे. सुई त्वचेतून गेली तर रोगाला नवी वाट मिळू शकते. म्हणून संशय पक्का असेल तर जांघेतून छेद घेऊन वृषण अखंड काढतात आणि निदान त्याच्या ऊतींच्या तपासणीतून होते. आता उरतो न बोलला जाणारा आक्षेप: पुरुषत्वाचे काय? दुसरे वृषण निरोगी असेल तर बहुधा तेच पुरेसे संप्रेरक आणि शुक्राणू तयार करते. तरीही शस्त्रक्रियेपूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारावे. रोग वृषणापुरता असताना सापडला, तर शंभरांतले पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात, आणि अनेकांना शस्त्रक्रियेनंतर केवळ नियमित देखरेख पुरते. पसरल्यावरही केमोथेरपीने बरे होणारे पुष्कळ असतात, पण ती किंमत टाळता येण्यासारखी असते. संसर्गाची लक्षणे नसताना प्रतिजैविकांच्या कोर्सवर आठवडे घालवण्यापेक्षा गाठ लागल्यापासून एक-दोन आठवड्यांत मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवून सोनोग्राफी करून घेणे, एवढाच इथे शहाणपणाचा मार्ग आहे.