एसडीपीचा मेसेज पुढं ढकलण्याआधी

पाऊस सुरू झाला की डेंग्यू येतो, आणि डेंग्यू आला की ग्रुपवर मेसेज सुरू होतात. ‘अर्जंट एसडीपी हवी, ओ पॉझिटिव्ह, प्लेटलेट्स १८ हजार.’ मग तालुक्यातून चार पोरं गाडी करून जिल्ह्याला जातात आणि त्यातली तीन तशीच परत येतात. एकाच्या हाताची शीर बारीक निघते, दुसऱ्यानं परवा ॲस्पिरिनची गोळी घेतलेली असते, तिसऱ्याच्याच प्लेटलेट्स सव्वा लाख भरतात. पोरांचा दोष नाही. त्यांना आधी कुणी काही विचारलेलंच नसतं.

साध्या रक्तदानात साडेतीनशे किंवा साडेचारशे मिली रक्ताची पिशवी भरली की तुम्ही मोकळे. त्या एका पिशवीतून प्लेटलेट्स वेगळ्या काढल्या की त्याला आरडीपी म्हणतात, आणि तशा साधारण सहा पिशव्या मिळून एका एसडीपीएवढं काम होतं. एसडीपीत सगळ्या प्लेटलेट्स एकाच दात्याच्या. रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, तिथं गरगर फिरतं आणि वजनाप्रमाणे त्याचे थर पडतात. जड तांबड्या पेशी एकीकडं, हलका पिवळसर प्लाझ्मा दुसरीकडं, मध्ये प्लेटलेट्सचा पातळ थर. मशीन तेवढाच थर थोड्या प्लाझ्मासह पिशवीत घेतं, बाकीचं रक्त दात्याला परत देतं. घ्यायचं, फिरवायचं, परत द्यायचं, हे तास-दीड तास चालतं.

‘परत येणारं रक्त दुसऱ्याचं तर नसेल ना?’ हा प्रश्न मला गावोगाव विचारला जातो. नसतं. नळ्या, पिशव्या, फिरणारं भांडं हा अख्खा संच प्रत्येक दात्यासाठी नवा फोडतात आणि नंतर टाकून देतात. रक्त मशीनला शिवतसुद्धा नाही. एसडीपी दहा-बारा हजारांच्या घरात जाते त्याचं एक मोठं कारण हा संचच.

आता दात्याच्या प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर का लागतात, तो हिशेब बघा. चांगल्या एसडीपीच्या पिशवीत किमान तीस हजार कोटी प्लेटलेट्स हव्यात. ज्याचा काउंट अडीच लाख आणि अंगात पाच लिटर रक्त, त्याच्याकडं सव्वा लाख कोटी असतात. म्हणजे पाव हिस्सा गेला, तो काही दिवसांत भरून येतो. काउंट सव्वा लाख असेल तर तोच हिस्सा निम्म्याच्या जवळ जातो, म्हणून त्याला घरी पाठवतात. तांबड्या पेशी मात्र परत मिळतात, त्यामुळे हिमोग्लोबिन फारसं उतरत नाही आणि नियमानं दाता ४८ तासांनंतर पुन्हा देऊ शकतो. रक्तदानाला पुरुषांना तीन महिने थांबावं लागतं.

ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर मात्र गप्प बसू नका. रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये सायट्रेट मिसळतात, ते परत येताना रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. टेक्निशियनला सांगितलं की तो वेग कमी करतो, कॅल्शियमची गोळी देतो आणि मुंग्या थांबतात. मर्दानगी दाखवायची ही जागा नव्हे.

पण माझा खरा मुद्दा मेसेजमधल्या त्या ‘१८ हजार’चा आहे. रक्तस्राव नसेल तर डेंग्यूत काउंट दहा हजारांच्या खाली गेल्यावरच प्लेटलेट्सचा विचार करावा, असं आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. सिंगापूर आणि मलेशियातल्या डॉक्टरांनी वीस हजार किंवा त्याखालच्या, पण रक्तस्राव नसलेल्या प्रौढ रुग्णांवर अभ्यास केला, तो २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. प्लेटलेट्स चढवून रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास जास्त जणांना झाला. डेंग्यूत जीव जातो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बीपी पडल्यानं. तिथं सलाईनचा हिशेब चुकला तर एसडीपी काय करणार? अर्थात नाकातून-हिरड्यांतून रक्त, काळं शौच असं काही असेल तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टर मागतील ते द्यायलाच हवं.

म्हणून नातेवाईकांनी डॉक्टरांना नम्रपणे दोन गोष्टी विचाराव्यात: रक्तस्राव आहे का, आणि आरडीपी चालेल का? आरडीपी पिशवीमागं काही शे रुपयांत मिळते, तयार असली तर लगेच मिळते. एसडीपीत आधी दात्याची एचआयव्ही, कावीळ, मलेरियाची तपासणी, मग मशीन, यात अर्धा दिवस जातो. आणि प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्याही हलत्या ठेवून, त्यामुळे साठवूनही ठेवता येत नाहीत.

रक्तपेढ्यांनाही सांगणं आहे. शिबिरात शेकडो जण येतात, तिथंच इच्छुकांच्या शिरा बघा, काउंट करून घ्या आणि तालुकावार यादी ठेवा. गणपतीच्या शिबिरांत हे सुरू करता येईल. ज्या मंडळांना यात पडायचंय त्यांनी कमेंटमध्ये नाव टाका, यादीचा नमुना मी करून देतो.